सोमवार, 30 सप्टेंबर 2019

आमच्या बँकेत त्या दिवशी एक रुपयाचीही चोरी झालेली नव्हती. कुठलं मोठं कर्ज बुडालेलं नव्हतं, लेखापरीक्षकांनी कसला शेरा मारलेला नव्हता. तरीही सकाळी साडेदहाला मुख्य शाखेचं शटर वर गेलं तेव्हा रांग पायऱ्यांवरून उतरून रस्त्यापर्यंत पोचली होती.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची ही नागरी सहकारी बँक. अकरा शाखा, 240 कोटींच्या ठेवी. मुख्य कार्यालयात गुंतवणूक आणि निधी विभाग माझ्याकडे होता. सोप्या भाषेत सांगायचं तर बँकेचा पैसा आज कुठे आहे आणि उद्या कुठे लागणार आहे, याचा हिशेब ठेवायचं काम.

पार्श्वभूमी सगळ्यांना आठवत असेल. त्याच्या आधीच्या मंगळवारी, 24 सप्टेंबरला, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आल्याचं जाहीर झालं. एका खात्यातून सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील, अशी अट होती. पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, पण पहिल्या दिवशीचा तो हजाराचा आकडा लोकांच्या डोक्यात बसला तो बसलाच. मुंबईतल्या शाखांबाहेर रडणारी माणसं प्रत्येक वाहिनीवर दिसत होती. दोनच दिवसांत अमुक इतक्या बँका बंद होणार अशा याद्या व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. रिझर्व्ह बँकेने त्या खोट्या असल्याचं सांगितलंही. आमचं नाव त्या यादीत नव्हतं. पण 28 तारखेला चौथा शनिवार, 29 ला रविवार आणि घटस्थापना. सणाच्या खरेदीमुळे मुख्य शाखेच्या एटीएममधली रोकड रविवारी दुपारीच संपली. स्क्रीनवरच्या त्या सूचनेचा कुणीतरी फोटो काढला, त्याखाली आमच्या बँकेचं नाव लिहिलं आणि तो त्या यादीबरोबर पुढे पाठवला. रात्री नऊपर्यंत तो माझ्या स्वतःच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी, जनरल मॅनेजर आणि अध्यक्षसाहेब एकत्र बसलो. अध्यक्षसाहेबांचा पहिला प्रश्न होता, "आपली बँक भक्कम आहे ना?" मी म्हटलं, "भक्कम आहे साहेब. प्रश्न भक्कमपणाचा नाहीच." त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की हे त्यांना पटलं नव्हतं. म्हणून मी ताळेबंदच पुढे ठेवला. तो इथेही मांडते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आकडे गोळाबेरीज करून देते.

लोकांच्या ठेवी 240 कोटी. भागभांडवल आणि राखीव निधी मिळून बँकेचा स्वतःचा पैसा 30 कोटी. म्हणजे एकूण 270 कोटी. ते कुठे होते? 160 कोटी कर्जांत: घरं, दुकानदारांचं खेळतं भांडवल, सोनेतारण, थोडी वाहनं. थकबाकी होती, पण काळजी वाटावी इतकी नव्हती आणि तिच्यासाठी तरतूद केलेली होती. 60 कोटी सरकारी रोख्यांत. 30 कोटी दुसऱ्या तीन बँकांत मुदत ठेवी म्हणून. दहा कोटी दुसऱ्या बँकांतल्या चालू खात्यांवर, साडेतीन कोटींच्या नोटा सगळ्या शाखा आणि एटीएम मिळून, आणि उरलेले साडेसहा कोटी इमारत, यायचं व्याज वगैरे. द्यायचे 240, हातात 270. या बँकेला दिवाळखोर कुणीच म्हणणार नाही.

पण दारात उभ्या असलेल्या माणसाला 270 कोटी नको असतात. त्याला त्याचे दीड लाख आज हवे असतात, आणि नोटांत हवे असतात. म्हणून मी ताळेबंद बाजूला सारला आणि दुसऱ्या कागदावर एवढंच लिहिलं: आज दुपारपर्यंत किती, उद्यापर्यंत किती, शुक्रवारपर्यंत किती.

त्या कागदावर 160 कोटींची कर्जं आलीच नाहीत. घरकर्ज वीस वर्षांनी परत यायचं असतं. कर्जदार हप्ते वेळेवर भरतोय म्हणूनच ते कर्ज चांगलं असतं, आणि तेच चांगलं कर्ज सोमवारी सकाळी निरुपयोगी असतं. शेतात ऊस उभा आहे, त्याची किंमत लाखांत आहे, पण आज रात्री दवाखान्याचं बिल भरायला तो उपयोगी पडत नाही. तसंच ते.

रोखे 60 कोटींचे, हे खरं. पण ठेवींच्या ठरावीक टक्के रक्कम सरकारी रोख्यांत ठेवण्याचं बंधन असतं. ते प्रमाण तेव्हा 18.75 टक्के होतं, म्हणजे आमच्यासाठी 45 कोटी. वरचे 15 कोटीच विकण्यासारखे. त्यातही सोमवारी विकले तर पैसे मंगळवारी दुपारी, आणि मंगळवारी विकले तर बुधवारी 2 ऑक्टोबरची सुट्टी असल्याने थेट गुरुवारी. रोखे विकणं म्हणजे फोन करून पैसे मागवणं नव्हे.

नोटा आणि चालू खातं मिळून साडेतेरा कोटी. पण रोख राखीव प्रमाण 4 टक्के, म्हणजे साधारण साडेनऊ कोटी त्यातून हलवायचे नाहीत. मोकळे राहिले चार.

राहता राहिल्या 30 कोटींच्या मुदत ठेवी, प्रत्येक बँकेत दहा-दहा कोटी. एकाच बँकेत किती ठेवायचं यावर मर्यादा असते, म्हणून त्या विभागलेल्या होत्या. पहिल्या बँकेत त्या ठेवीवर नऊ कोटींची ओव्हरड्राफ्ट मर्यादा, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर पैसे उचलायची सोय, आधीच मंजूर होती. दुसरीतली ठेव दंड भरून मोडता येत होती, पण तो दिवस सहामाही अखेरचा. त्यांची स्वतःची धावपळ चालू होती, म्हणून अर्ज आज आणि पैसे उद्या. तिसरीतली ठेव मुदतीआधी न मोडता येणारी होती. अशा ठेवीला व्याज थोडं जास्त मिळतं. चांगल्या दिवसांत कुठलंही संचालक मंडळ ते जास्तीचं व्याज घेतंच.

म्हणजे 270 कोटींच्या बँकेकडे सोमवारसाठी 13 कोटी होते. मंगळवार दुपारनंतर आणखी 25. एकूण 38, आणि नंतर काहीच नाही. अध्यक्षसाहेब बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे आपण भक्कम आहोत, पण चारच दिवस?" रोज दहा कोटी गेले तर, हो. त्यांनी नेमका हिशेब केला होता.

आमच्यासारख्या बँका नेमक्या इथे अडकतात. मोठी व्यापारी बँक असती तर तिने जास्तीचे रोखे रिझर्व्ह बँकेकडे तारण ठेवून त्याच दिवशी पैसे उचलले असते. तेव्हा रेपो दर 5.40 टक्के होता. तेवढ्याने भागलं नसतं तर 5.65 टक्क्यांनी आपत्कालीन खिडकी होती, आणि त्या खिडकीवर तर बंधनातल्या रोख्यांपैकीही ठेवींच्या दोन टक्क्यांपर्यंत तारण ठेवता येत होते. पण या खिडक्या अनुसूचित बँकांसाठी, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातल्या यादीत नाव असलेल्या बँकांसाठी. नागरी सहकारी बँकांपैकी ज्या अनुसूचित आहेत आणि भांडवलाच्या अटी पाळतात त्यांनाच तिथे प्रवेश. आम्ही अनुसूचित नव्हतो. आमच्याकडचे रोखे अगदी तेच, भारत सरकारचेच. पण ते घेऊन त्या दारात उभं राहायची आम्हाला मुभा नव्हती.

या ठिकाणी एक जुना योगायोग सांगावासा वाटतो. त्याच्या बरोबर 11 वर्षं आधी, 30 सप्टेंबर 2008 ला, लेहमन ब्रदर्स कोसळल्यानंतरच्या गोंधळात आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा पसरल्या आणि काही ठिकाणी एटीएमसमोर रांगा लागल्या. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने जाहीर पत्रक काढून सांगितलं की बँकेकडे पुरेशी तरलता, म्हणजे लगेच देता येईल असा पैसा, आहे आणि शाखांना, एटीएमना लागेल तेवढी रोकड पोचवायची व्यवस्था केली आहे. त्या बँकेची कर्जं त्या दिवशी काही वेगळी झाली नाहीत. फक्त लोकांना कळलं की मागे कोण उभं आहे. रांगा ओसरल्या. त्या सोमवारी मला आमच्यामागे कोण उभं आहे याचं उत्तर फोनच्या यादीत शोधावं लागत होतं.

साडेदहाला शटर उघडण्याआधी जनरल मॅनेजरांनी दोन निर्णय घेतले, आणि माझ्या मते बँक वाचली ती त्यांमुळे. पहिला, कुणालाही रक्कम कमी करून द्यायची नाही. "निम्मे आज घ्या, निम्मे उद्या" हे वाक्य एकाही काउंटरवर उच्चारायचं नाही. दुसरा, रांग संपेपर्यंत काउंटर बंद करायचं नाही, मग रात्रीचे कितीही वाजोत. पैसे वाचवावेसे वाटतात अशाच वेळी ते मोकळ्या हाताने द्यावे लागतात. टोकन मर्यादित केली असती तर बाहेर उभ्या माणसाने ती गोष्ट गावभर नेली असती, आणि दुपारी रांग तिप्पट झाली असती.

पण द्यायला नोटा हव्यात. मुख्य शाखेत सकाळी नव्वद लाख होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या करन्सी चेस्टला, म्हणजे बँकांना नोटा पुरवणाऱ्या कोठाराला, मी आठलाच फोन लावला होता. खरं तर आदल्या दिवशी मागणी नोंदवावी लागते. तिथल्या अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि दोन कोटी द्यायचं कबूल केलं. पहिल्या बँकेतल्या ओव्हरड्राफ्टमधून पैसे वळवले, कॅश व्हॅन साडेदहाला भरून निघाली. अंतर चाळीसेक किलोमीटर. आणि ती वाटेत थांबवली गेली.

विधानसभेची निवडणूक 21 ऑक्टोबरला होती, आचारसंहिता लागलेली होती. रस्त्यावरच्या तपासणी पथकाने व्हॅन अडवली. आमचं पत्र बरोबर होतं, नोटांचा तपशील बरोबर होता, पण रक्कम मोठी म्हणून त्यांनी वरिष्ठांना विचारायचं ठरवलं. त्यांचं कामच ते, त्यांना दोष देता येत नाही. पण पाऊण तास व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी होती आणि इकडे मुख्य शाखेत पाचशेच्या नोटा संपून कॅशियर शंभराची बंडलं मोजत होते. शंभराच्या नोटा दिल्या की रांग हळू सरकते, आणि हळू सरकणारी रांग बाहेरून लांब दिसते. त्या पाऊण तासात बँकेच्या खात्यात कोट्यवधी रुपये होते आणि काउंटरवर ते नव्हते. रक्कम असणं, ती खात्यात असणं आणि ती नोट म्हणून ग्राहकाच्या हातात असणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या वेळात मी खाली रांगेत गेले. एक निवृत्त गुरुजी उभे होते, माझ्या भावाला त्यांनी गणित शिकवलेलं. त्यांची ठेव ऐंशी हजारांची होती. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही कशाला उन्हात उभे राहता? एक लाखापर्यंत विमा आहे. तुमची सगळी ठेव त्यात बसते."

ते म्हणाले, "ताई, ते मला माहीत आहे. मला एवढंच सांग, विम्याचे पैसे मिळतात कधी?"

माझ्याकडे याचं जे खरं उत्तर होतं ते रांगेत उच्चारण्यासारखं नव्हतं. ठेव विमा महामंडळ पैसे देत होतं ते बँक अवसायनात, म्हणजे कायमची गुंडाळायला, गेल्यावर. आधी परवाना रद्द व्हायचा, मग अवसायक नेमला जायचा, तो ठेवीदारांची यादी करायचा, ती पोचल्यावर महामंडळ दोन महिन्यांत रक्कम द्यायचं. पण निर्बंध लागणं आणि परवाना रद्द होणं यांच्यामध्ये वर्षं जात. पुण्यातल्या रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला 2022 मध्ये. मधल्या काळात ठेव विम्याच्या मर्यादेत असूनही माणसाला ती हाताला लागत नव्हती. ज्याची पुढच्या महिन्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे त्याला दहा वर्षांनी मिळणारे सुरक्षित ऐंशी हजार आणि आजचे ऐंशी हजार एकच कसे वाटतील? गुरुजी घाबरलेले नव्हते. त्यांनी हिशेब केला होता आणि तो बरोबर होता. विमा असलेला माणूसही रांगेत का उभा राहतो हे मला त्यांच्याकडून कळलं. मी त्यांना पाणी आणून दिलं आणि वर गेले.

ठेव विम्याचा जन्मच अशा रांगांतून झालेला आहे. 1960 मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पालई सेंट्रल बँक बुडाल्या, आणि 1962 च्या सुरुवातीला ठेव विमा महामंडळ सुरू झालं. सुरुवातीचं संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला 1,500 रुपये. वाढत वाढत ते 1993 मध्ये एक लाख झालं आणि पुढची सव्वीस वर्षं तिथेच राहिलं. रांग लागू नये हा त्यामागचा विचार. पण तो तेव्हाच काम करतो जेव्हा पैसे लवकर मिळतील अशी खात्री असते. मर्यादा किती हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा गुरुजींनी विचारला तो.

वर आले तेव्हा खरा धोका माझ्या संगणकावर होता. खाली साताठशे माणसं उभी होती, आवाज होता, पोलीस आले होते. पण सगळ्या शाखांतून दिवसभरात काउंटरवर गेली ती रक्कम 3 कोटी 80 लाख. त्याच दिवशी आरटीजीएसने 6 कोटी 40 लाख गेले, आणि ते मोजक्या खात्यांतून: एक शिक्षण संस्था, दोन व्यापारी कुटुंबं, एक पतसंस्था. यांच्यापैकी कुणी रांगेत उभं नव्हतं. पतसंस्थेच्या सचिवांना मी फोन केला तेव्हा ते जवळजवळ रडवेले झाले होते. "मॅडम, आमच्या ठेवीदारांना तर कसलाच विमा नाही. तुमच्याकडे पैसे आहेत हे त्यांना कळलंय, ते आमच्याकडे रांग लावतील." पतसंस्थांना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं हे खरंच. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मोठे ठेवीदार विम्याच्या बाहेर असतात, म्हणून ते सर्वांत आधी आणि आवाज न करता जातात. आणि आमच्यासारख्या बँकेचं आरटीजीएस एका मोठ्या प्रायोजक बँकेतल्या आमच्या चालू खात्यातून जातं. त्या खात्यात शिल्लक कमी पडली तर व्यवहार परत येतो. एका शिक्षण संस्थेचा एक आरटीजीएस "अपुरी शिल्लक" म्हणून परत आला असता तर ती बातमी अर्ध्या तासात जिल्ह्यात पोचली असती. म्हणून दिवसभर मी दोन टोकं सांभाळत होते: त्या खात्यातून नोटांसाठी पैसे काढायचे, पण पुढच्या आरटीजीएसला पुरतील इतके ठेवायचे. सहा वाजता ग्राहकांसाठीची आरटीजीएसची वेळ संपली. शेवटच्या माणसाला पैसे देऊन काउंटर बंद झालं ते रात्री पावणेनऊला, आणि तेव्हा मोकळ्या 13 कोटींपैकी 2 कोटी 80 लाख उरले होते.

त्या रात्री मी पुढचे दिवस मांडले. रोज दहा कोटी धरले तर शुक्रवारी दुपारी 38 कोटी संपतात. मग काय? ठेवी कमी झाल्या की रोख्यांचं बंधनही कमी होतं ना, असं जनरल मॅनेजरांनी विचारलं. होतं, पण लगेच नाही. ते प्रमाण दोन पंधरवड्यांपूर्वीच्या ठेवींवर मोजलं जातं. म्हणजे आज ठेवी गेल्या तरी बंधन महिनाभर जुन्या आकड्याचंच. शुक्रवारी आम्ही एकतर बंधनातले रोखे विकून नियम मोडला असता, किंवा काउंटरवर नाही म्हटलं असतं. दोन्हींचा शेवट निर्बंधांतच. तरीही त्या शुक्रवारी कर्जं 160 कोटींचीच राहिली असती, आणि 30 कोटींचा स्वनिधी कागदावर जसाच्या तसा.

पण तो कागदावरचा स्वनिधीही फार टिकला नसता. आमची कर्जं त्या आठवड्यात कुणाला विकायचीच असती तर घेणारा शंभराला ऐंशी म्हणाला असता. त्याला आमचे कर्जदार माहीत नाहीत, आणि आम्ही अडलेले आहोत हे माहीत आहे. 160 कोटींवर वीस टक्के म्हणजे 32 कोटी तोटा. स्वनिधी 30. सोमवारी भक्कम असलेली बँक घाईने कर्जं विकल्यामुळे खरोखरच दिवाळखोर झाली असती, आणि मग लोक म्हणाले असते, बघा, आम्हाला आधीच कळलं होतं. अशी बँक दिवाळखोर ठरणं कितीतरी वेळा तिला मिळालेल्या वेळावर अवलंबून असतं. शेवटचा कर्जदाता म्हणून मध्यवर्ती बँक उभी राहते ती हा वेळ द्यायला. चांगल्या तारणावर, थोड्या चढ्या व्याजाने, पण हात आखडता न घेता.

यात एक मोठी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बाहेरून बघणाऱ्याला त्या सोमवारी आमची बँक आणि पंजाब अँड महाराष्ट्र बँक सारखीच दिसत होती. त्या बँकेची बहुतांश कर्जं एकाच बांधकाम समूहाकडे गेलेली होती आणि ती थकली असताना वह्यांत लपवलेली होती. तिला आपत्कालीन पैसा दिला असता तर पहिले पळालेले सुटले असते आणि मागे राहिलेल्यांचं नुकसान वाढलं असतं. फरक ओळखायचा तर कर्जांच्या फायली आधीपासून तपासलेल्या हव्यात. रांग लागल्यावर तपासायला कुणाकडे वेळ नसतो. म्हणून नियामकाचा संकोच मला समजतो. पण तो संकोच आहे म्हणूनच चांगल्या बँकेकडे स्वच्छ तारण तयार असणं आणि ते स्वीकारणारी जागा आधी ठरलेली असणं गरजेचं आहे.

मंगळवारी आणखी 7 कोटी 50 लाख गेले. सोमवारी विकलेल्या 8 कोटींच्या रोख्यांचे पैसे दुपारी आले. व्याजदर उतरत असल्याने भावही बरा मिळाला, तेवढं नशीब. दुसऱ्या बँकेतली ठेव मोडून दहा कोटी आले. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने ट्विटरवर सांगितलं की काही ठिकाणी सहकारी बँकांसह काही बँकांबद्दल अफवा आहेत, देशातली बँकिंग व्यवस्था सुरक्षित आणि स्थिर आहे. मराठी वाहिन्यांवर ते दिवसभर फिरत राहिलं. बुधवारची सुट्टी आमच्या मदतीला आली. गुरुवारी अडीच कोटींच्या आसपास गेले आणि शुक्रवारी दुपारी पहिल्यांदाच भरणा काढलेल्या रकमेपेक्षा जास्त झाला. सगळं मिळून वीस कोटींच्या थोडं वर, म्हणजे ठेवींच्या साडेआठ टक्के. बँक मरायला सगळ्यांनी यावं लागत नाही. सहांतल्या एकाने आपले पैसे मागितले असते तरी आमचे 38 कोटी संपले असते.

पुढच्या काही वर्षांत नियम बदलले. 4 फेब्रुवारी 2020 पासून विम्याची मर्यादा पाच लाख झाली. 2021 च्या दुरुस्तीने गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आलं: निर्बंध लागले तर अवसायनाची वाट न बघता 90 दिवसांत विम्याइतकी रक्कम. माझ्या मते मर्यादा पाचपट झाली त्याहून हा बदल मोठा आहे. तरी 90 दिवस म्हणजे तीन महिन्यांचा किराणा, फी आणि औषधं. आणि शिक्षण संस्था, पतसंस्था, व्यापारी यांना पाच लाखांनीही काही फरक पडत नाही. आवाज न करता जाणारे ते अजूनही तसेच जातील.

नागरी बँकांसाठीची छत्र संस्था मार्च 2024 मध्ये सुरू झाली. अडलेल्या बँकेला तरलता पुरवणं हे तिच्याकडून अपेक्षित असलेल्या कामांपैकी एक. ती खिडकी सोमवारी सकाळी नऊला, कागद आधी तयार असतील तर त्याच दिवशी पैसे देणारी असावी, एवढंच माझं मागणं आहे. आमच्या बँकेत आता तिन्ही मुदत ठेवींवर ओव्हरड्राफ्ट आगाऊ मंजूर आहे, न मोडता येणाऱ्या ठेवी घ्यायच्या नाहीत असा संचालक मंडळाचा ठराव आहे, आणि जास्तीचे रोखे त्याच दिवशी गहाण ठेवून पैसे उचलायची व्यवस्था दर तिमाहीला छोट्या रकमेने प्रत्यक्ष वापरून बघितली जाते. त्यावर दरवर्षी काही लाखांचं उत्पन्न सोडावं लागतं. वार्षिक सभेत सभासद त्याबद्दल विचारतात, तेव्हा अध्यक्षसाहेब माझ्याकडे बघत नाहीत, स्वतःच उठून त्या सोमवारचे आकडे वाचून दाखवतात.